हक्काची चतुःसीमा, कोरियन भाषेत

पुण्यातल्या एखाद्या कंपनीने नवं यंत्र शोधलं आणि त्याचं पेटंट दक्षिण कोरियातही हवं असं ठरवलं, तर तिचा अर्ज बहुधा पेटंट सहकार्य कराराच्या, म्हणजे पीसीटीच्या वाटेने जातो. भारत या करारात 1998 सालच्या डिसेंबरात सामील झाला. भारतात पेटंटचा अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करता येतो, त्यामुळे इथल्या संशोधकाचा भाषांतराशी सहसा संबंध येत नाही. कोरियात मात्र पहिला अर्ज केल्याच्या तारखेपासून 31 महिन्यांच्या आत संपूर्ण अर्जाचं कोरियन भाषांतर द्यावं लागतं. वेळेत विनंती केली तर भाषांतरासाठी आणखी एक महिना मिळतो. त्यानंतर देजॉन शहरातल्या पेटंट कार्यालयात परीक्षक जो मजकूर वाचतो, तो कोरियन असतो. पेटंट मंजूर झालं तर ते कोरियन शब्दांना मिळतं, आणि उद्या कोणी नक्कल केली तर न्यायालय त्याच शब्दांवर बोट ठेवून निकाल देतं.

पेटंटच्या अर्जात पानंच्या पानं वर्णन असतं, आकृत्या असतात, प्रयोगांचे आकडे असतात. पण हक्क ठरतो तो शेवटी दिलेल्या क्रमांकित परिच्छेदांवरून. त्यांना दावे म्हणतात. संरक्षणाची व्याप्ती दाव्यांत लिहिलेल्या बाबींवरूनच ठरेल, असं कोरियाच्या पेटंट कायद्याचं 97 वं कलम सांगतं. जमिनीच्या खरेदीखतात जशी चतुःसीमा लिहिलेली असते, तसे हे दावे. वर्णनातल्या एखाद्या वाक्याचं भाषांतर थोडं ओबडधोबड झालं तर ते निभावून नेता येतं, पण दाव्यातला एक शब्द हलला की सीमा हलते.

हे नीट समजायला एक मुद्दाम सोपं ठेवलेलं, कल्पित उदाहरण घेऊ. कोणीतरी पाण्याची नवी बाटली शोधली आहे. मूळ इंग्रजी अर्जातले चार दावे मराठीत सांगायचे तर असे आहेत. पहिला: धड, झाकण आणि झाकणात बसवलेली झडप यांचा समावेश असलेली बाटली. दुसरा: पहिल्या दाव्यातलीच बाटली, जिच्या झडपेला 2 मिलिमीटरपेक्षा अधिक व्यासाची, एकाहून अधिक छिद्रं आहेत. तिसरा: दावा 1 किंवा 2 मधली बाटली, जिच्या झाकणाला सिलिकॉनचं कडं आहे. चौथा: दावा 1 ते 3 पैकी कोणत्याही एका दाव्यातली बाटली, जिचं धड स्टीलचं आहे.

पहिला दावा स्वतंत्र आहे, बाकीचे तीन अवलंबी. अवलंबी दावा ज्याचा हवाला देतो त्याच्या सगळ्या अटी आपल्यात घेतो आणि वर स्वतःची एक अट जोडतो. म्हणून पहिला दावा सर्वांत रुंद असतो आणि पुढचे अरुंद होत जातात. पहिला दावा जुन्या एखाद्या बाटलीमुळे कोसळला, तरी अरुंद दाव्यांपैकी एखादा टिकून राहू शकतो. या साखळीतली एक कडी जरी भाषांतरात चुकीच्या जागी जोडली गेली, तर संकटाच्या वेळी मागे सरकायला जागाच उरत नाही.

आता पहिल्या दाव्यातला ‘समावेश असलेली’ हा शब्दप्रयोग पाहा. मूळ इंग्रजीत इथे असा शब्द असतो, ज्याचा पेटंटच्या व्यवहारातला अर्थ ठरून गेलेला आहे: या तीन गोष्टी हव्यातच, पण आणखी काही असलं तरी हरकत नाही. प्रतिस्पर्ध्याने त्याच बाटलीत एक गाळणी घातली, तरी ती बाटली दाव्याच्या आतच राहते. कोरियनमध्ये यासाठी ‘फोहामहानुन’ हा रूढ शब्द आहे. दुसऱ्या प्रकारचा इंग्रजी शब्दप्रयोग बंदिस्त असतो: एवढ्याच गोष्टी, दुसरं काही नाही. रसायनांच्या मिश्रणांत तो वारंवार येतो. त्यासाठी कोरियनमध्ये ‘ईरुओजिन’, म्हणजे ‘यांनी बनलेलं’, हा शब्द वापरतात. अडचण अशी की रोजच्या कोरियन भाषेत ‘यांनी बनलेलं’ म्हणताना ‘फक्त यांनीच’ असं दरवेळी अभिप्रेत नसतं. मराठीतही ‘हा संघ पुण्या-मुंबईच्या खेळाडूंनी बनलेला आहे’ म्हटलं, तर त्यात नागपूरचा एकही नाही असं छातीठोक सांगता येणार नाही. म्हणून जिथे मूळ शब्द बंदिस्त आहे तिथे काही अनुवादक ‘मान’ हा प्रत्यय, म्हणजे आपला ‘फक्त’, जोडून शंका मिटवतात. वाक्य कानाला बरं लागावं म्हणून खुल्या शब्दाच्या जागी ‘ईरुओजिन’ घालणं मात्र घातक असतं, कारण गाळणीवाल्या प्रतिस्पर्ध्याच्या वकिलाला तेवढा एक शब्द पुरतो. चांगला अनुवादक म्हणून आधीच ठरवून टाकतो की या इंग्रजी शब्दाला हाच कोरियन शब्द, पहिल्या दाव्यापासून शेवटच्यापर्यंत. ललित लेखनात पुनरुक्ती टाळतात, इथे ती कसोशीने पाळावी लागते. पहिल्या दाव्यात ‘झडप’ आणि तिसऱ्यात त्याच वस्तूला ‘पडदा’ म्हटलं, तर परीक्षक त्या दोन वेगळ्या वस्तू समजतो, आणि तसं समजण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

दुसऱ्या दाव्यात खरी कसोटी लागते. ‘2 मिलिमीटरपेक्षा अधिक’ म्हणजे बरोबर 2 मिलिमीटर त्यात येत नाही. कोरियन भाषेत या बाबतीत चार नेमके शब्द आहेत, आणि शाळेतल्या गणितापासून ते प्रत्येक कोरियन माणसाला ठाऊक असतात. ‘ईसांग’ म्हणजे तेवढं किंवा त्याहून जास्त. ‘छोग्वा’ म्हणजे त्याहून जास्तच, तो आकडा वगळून. ‘ईहा’ म्हणजे तेवढं किंवा कमी, आणि ‘मीमान’ म्हणजे त्याहून कमी, तो आकडा वगळून. तरीही इथे चुका होतात. इंग्रजीतला ‘पेक्षा अधिक’ वाचला की हाताच्या सवयीने ‘ईसांग’ लिहिलं जातं, कारण बोलताना तोच शब्द जास्त सुटसुटीत वाटतो. आता समजा, बाजारात आधीपासून बरोबर 2 मिलिमीटर छिद्रांची एक बाटली होती आणि म्हणूनच मूळ लेखकाने 2 हा आकडा वगळला होता. ‘ईसांग’ लिहिताच ती जुनी बाटली दाव्याच्या आत आली. परीक्षक ती समोर ठेवील आणि यात नवीन काहीच नाही म्हणून नकार कळवील. मूळ अर्जात नसलेला दोष एका शब्दाने निर्माण झाला.

याच दाव्यातलं ‘एकाहून अधिक छिद्रं’ हेही साधं नाही. कोरियन नामाला अनेकवचन लावणं सक्तीचं नसतं. ‘छिद्र’ म्हटलं तर ते एक असेल किंवा दहा. ही सैल रचना पहिल्या दाव्यातल्या ‘झडप’ या शब्दाच्या पथ्यावर पडते. इंग्रजीतलं एकवचनी उपपद डोळ्यांसमोर ठेवून कोणी तिथे ‘एक झडप’ असं लिहिलं, तर दोन झडपांची बाटली बाहेर राहते की काय, असा वाद उगाच ओढवून घेतला जातो. छिद्रांच्या बाबतीत उलट आहे. तिथे दोन किंवा अधिक हा अर्थ मूळातच आहे, म्हणून तो शब्दांत आणावाच लागतो. त्यासाठी ‘पोक्सू’ हा शब्द आहे, एकाहून अधिक या अर्थाचा. त्याच्या शेजारचा ‘तासू’ हा शब्दही बऱ्याचदा लिहिला जातो, पण त्यात ‘पुष्कळ’ अशी छटा आहे. दोनच छिद्रं असलेली बाटली ‘पुष्कळ छिद्रांची’ ठरते का, हा प्रश्न न्यायालयात विचारला जाऊ नये एवढ्यासाठी काळजीपूर्वक अनुवादक ‘पोक्सू’वर ठाम राहतो.

कोरियन वाक्याची घडण मराठीला जवळची आहे, आणि त्यामुळे तिच्यातला धोका आपल्याला पटकन उमगतो. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं आणि विशेषण नामाच्या आधी. इंग्रजी दावा ‘बाटली’ या शब्दाने सुरू होतो आणि मग तिचे भाग सांगत जातो. कोरियन दावा भाग सांगत सांगत शेवटी ‘बाटली’वर येऊन थांबतो. आता ‘सिलिकॉनचं कडं असलेलं झाकण आणि झडप’ हे मराठीत वाचा. कडं झाकणालाच आहे की झडपेलाही? मराठीत निदान ‘असलेलं’ हे नपुंसकलिंगी रूप झाकणाकडे बोट दाखवतं. कोरियन नामांना लिंगच नाही, त्यामुळे तोही आधार तिथे मिळत नाही. म्हणून तिथे दाव्याचे घटक सुटे करतात, प्रत्येकापुढे अर्धविराम देतात, शेवटच्या घटकाआधी ‘आणि’ लिहितात आणि मग ‘यांचा समावेश असलेली, बाटली’ असं बंद करतात. सौंदर्यदृष्ट्या हे रूक्ष आहे, पण कोणतं विशेषण कोणाचं याबद्दल शंका राहत नाही, आणि माझ्या मते एवढ्या लाभासाठी वाक्याचं सौंदर्य खुशाल सोडावं.

इंग्रजीत आधी आलेल्या वस्तूचा पुन्हा उल्लेख करताना निश्चित उपपद लागतं. कोरियनमध्ये उपपदच नाही, म्हणून पेटंटच्या भाषेत ‘सांगी’ हा शब्द लावतात. आपल्या दस्तऐवजांतला ‘सदर’ तो हाच. नियम साधा आहे: वस्तू पहिल्यांदा आली तर ‘सांगी’ नाही, नंतर आली तर हवा. समजा तिसऱ्या दाव्यात मूळ लेखकाने ‘सदर छिद्रांभोवती कडं’ असं लिहिलं असतं. तो दावा ‘1 किंवा 2’ चा हवाला देतो. दुसऱ्या दाव्यात छिद्रं आहेत, पण पहिल्यात ती नाहीतच. म्हणजे पहिल्या दाव्याच्या वाटेने आलो तर ‘सदर छिद्रं’ कोणती, हे सांगता येत नाही. कोरियन परीक्षक यावर अस्पष्टतेचा आक्षेप घेतो. अशा वेळी अनुवादकाने काय करावं? गुपचूप ‘सदर’ गाळून टाकण्याचा मोह होतो. तसं करू नये. भाषांतर मुळाशी प्रामाणिकच राहिलं पाहिजे, आणि दोष वेगळ्या टिपणात पेटंट वकिलाला कळवला पाहिजे. ‘उदाहरणार्थ’, ‘शक्यतो’ अशा शब्दांचंही तेच. कोरियन परीक्षणात दाव्यात ते खपत नाहीत, पण काढायचे ते दुरुस्तीने काढावेत, भाषांतराच्या आडून नव्हे.

हाच भेद चौथ्या दाव्यात सर्वांत महत्त्वाचा ठरतो, कारण तिथे मूळ दावा कोरियाच्या नियमालाच अडखळतो. अवलंबी दाव्याची सुरुवात कोरियनमध्ये ठरलेली आहे: ‘जे इल-हांग-ए इस्सॉसॉ’, म्हणजे ‘पहिल्या दाव्यात’. अनेक दाव्यांचा हवाला द्यायचा तर तो पर्यायी पद्धतीनेच द्यावा लागतो. ‘दावा 1 किंवा 2’ चालतं, ‘दावा 1 आणि 2’ चालत नाही. ‘1 ते 3’ लिहिताना ‘ते’ साठी ‘नेजी’ हा शब्द येतो, पण तेवढ्यावर थांबलं की तिन्ही दावे एकदम घेतले असा अर्थ निघू शकतो. म्हणून पुढे ‘जुंग ओनु हान हांग’, म्हणजे ‘यांपैकी कोणत्याही एका दाव्यात’, हे शब्द लागतात. घाईत नेमके हेच गळतात.

यापुढचा नियम अधिक कडक आहे. अनेक दाव्यांचा हवाला देणारा दावा, स्वतः अनेकांचा हवाला देणाऱ्या दुसऱ्या दाव्याचा हवाला देऊ शकत नाही. आपल्या उदाहरणात तिसरा दावा ‘1 किंवा 2’ वर उभा आहे आणि चौथा ‘1 ते 3’ वर. चौथ्याच्या यादीत तिसरा आहे, म्हणजे नियम मोडला. युरोपीय अर्जांत ‘मागील कोणत्याही दाव्यातली’ ही रचना सर्रास असते, त्यामुळे तिथून येणाऱ्या मजकुरात हा पेच नेहमी सापडतो.

सोडवणूक अशी करता येते. मूळ चौथा दावा चार बाटल्या व्यापतो: स्टीलची साधी बाटली, स्टीलची छिद्रांची, स्टीलची कड्याची, आणि स्टीलची छिद्रं व कडं दोन्ही असलेली. आता चौथा दावा ‘1 किंवा 2’ वर ठेवला की पहिल्या दोन बाटल्या मिळतात. मग नवा पाचवा दावा तयार करून त्याला फक्त तिसऱ्यावर उभं केलं. तिसरा ‘1 किंवा 2’ वर आहे, म्हणून पाचव्यात उरलेल्या दोन्ही बाटल्या येतात. पाचवा एकाच दाव्याचा हवाला देतो, त्यामुळे नियम मोडत नाही. चारही बाटल्या जागच्या जागी राहिल्या आणि एकच दावा वाढला. कोरियात परीक्षणाचं शुल्क दाव्यांच्या संख्येनुसार वाढतं, त्यामुळे सरसकट प्रत्येक जोडी सुटी करण्यापेक्षा ही वाट स्वस्त पडते. उलट, आळसाने चौथ्या दाव्यातून ‘3’ हा आकडा नुसता काढून टाकला असता, तर आक्षेप टळला असता, पण दोन बाटल्या हातच्या गेल्या असत्या आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

नियमात एक छुपी पळवाटही बुजवलेली आहे. समजा कोणी सहावा दावा ‘1 किंवा 5’ वर उभा केला. पाचवा तर एकाच दाव्याचा हवाला देतो, मग हरकत काय? हरकत अशी की पाचवा तिसऱ्यावर आहे आणि तिसरा पुन्हा दोघांवर. मधे एक पायरी घातली म्हणून सुटका होत नाही, असं नियम स्पष्ट सांगतो. म्हणून जाणकार अनुवादक भाषांतराला हात घालण्यापूर्वी दाव्यांची वंशावळ कागदावर काढतो आणि काम संपल्यावर कोरियन मजकुरावरून ती पुन्हा काढतो. दोन्ही जुळल्या पाहिजेत. जिथे नियमासाठी बदल लागतो, तिथे मुळाबरहुकूम भाषांतर एक कागद म्हणून जातं आणि बदललेले दावे दुरुस्ती म्हणून वेगळे जातात. दोन्ही एकत्र केले की नंतर कोणता फरक भाषांतराचा आणि कोणता जाणून केलेला, हे कळत नाही.

‘या दाव्यातली बाटली’ आणि ‘या दाव्यातली बाटली असलेली वस्तू’ हेही वेगळं ठेवावं लागतं. पहिल्या दाव्यातली बाटली बसवलेली सायकल असा दावा असेल, तर तिथे ‘ए इस्सॉसॉ’ची ठरावीक सुरुवात वापरू नये, कारण सायकल ही बाटलीचा प्रकार नाही. तिथे ‘पहिल्या दाव्यातल्या बाटलीचा समावेश असलेली सायकल’ असंच लिहायचं. अवलंबी दावा ज्या नामावर संपतो, ते नाम मूळ दाव्याच्या नामाशी जुळलंच पाहिजे.

चूक झालीच तर? 2015 पासून कोरियाने एक मोठी सवलत दिली. त्या वर्षाच्या 1 जानेवारीपासूनच्या आंतरराष्ट्रीय अर्जांत मूळ भाषेतला मजकूर आधार मानला जातो आणि भाषांतराची चूक मुळाशी ताडून दुरुस्त करून मागता येते. त्यापूर्वी भाषांतरात जे गळलं, ते अर्जात कधी नव्हतंच असं धरलं जाई. पण ही दुरुस्ती पेटंट मंजूर होण्याआधी, ठरलेल्या टप्प्यांवरच करता येते. मंजुरीनंतर दावे अरुंद करण्याची वाट उरते, रुंद करण्याची नाही. आपल्या उदाहरणात ‘छोग्वा’च्या जागी ‘ईसांग’ गेला असेल, तर निदान 2 हा आकडा वगळण्याची मागणी करता येईल. पण उलटी चूक समजा: मूळात ‘किमान 2 मिलिमीटर’ होतं आणि कोरियनमध्ये ‘छोग्वा’ लिहिलं गेलं. पेटंट मिळालं, आणि प्रतिस्पर्ध्याने बरोबर 2 मिलिमीटर छिद्रांची बाटली बाजारात आणली. ती दाव्याच्या शब्दांबाहेर आहे आणि शब्द आता मागे नेता येत नाहीत. म्हणून मी म्हणेन की अनुवादकाने दाव्यातल्या प्रत्येक शब्दाला ‘यामुळे हक्क अरुंद तर होत नाही ना?’ हा प्रश्न आधी विचारावा. रुंद झालेला दावा परीक्षक समोर धरतो, अरुंद झालेल्याबद्दल कोणीच काही बोलत नाही. अर्जदाराला नुकसान कळतं ते नक्कल बाजारात आल्यावर.

कोरियन न येणाऱ्या अर्जदारालाही यातलं बरंच तपासता येतं. दाव्यांची संख्या मोजावी. प्रत्येक दाव्यातले हवाल्याचे क्रमांक मुळाशी जुळवावेत, ते आकड्यांतच असतात. मोजमापाचा प्रत्येक आकडा शोधून त्याच्यापुढे ‘ईसांग’ आहे की ‘छोग्वा’, ‘ईहा’ आहे की ‘मीमान’, एवढं अनुवादकाला विचारावं. ‘समावेश असलेलं’ आणि ‘बनलेलं’ यांसाठी कोणते शब्द वापरले याची यादी मागावी. आणि हे सगळं मंजुरीआधी, दुरुस्तीची वाट उघडी असताना करावं. कोरियात अर्ज पाठवणाऱ्या प्रत्येक कंपनीने भाषांतराच्या खर्चात या दुसऱ्या नजरेच्या तपासणीचे पैसे पहिल्यापासून धरावेत.